काठी, सावली आणि एक फोटो: मध्यान्हीच्या सूर्याची उंची कशी काढायची?

गच्चीवाली (११ फेब्रुवारी, रात्री ९:१०)

लेक नववीत आहे. विज्ञानाच्या प्रकल्पासाठी आज पुण्यात आमच्या गच्चीवर एक मीटरचा झाडूचा दांडा उभा केला आणि दुपारी १२:३० ला फोटो काढला. टेप खाली घरातच राहिली होती, त्यामुळे सावली मोजलेली नाही. हातात आहे तो फक्त फोटो.

कॉम्प्युटरवर मोजलं तर दांडा ११८० पिक्सेल आणि सावली ५२० पिक्सेल. भागाकार २.२७, त्याचा tan⁻¹ घेतला की ६६.२ अंश. पण पुस्तकी हिशोब वेगळाच येतो. पुण्याचा अक्षांश १८.५, आज सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १४ अंशांवर, म्हणजे मध्यान्ही सूर्याची उंची ९० − १८.५ − १४ = ५७.५ हवी. मधले जवळजवळ नऊ अंश कुठे गेले? कॅल्क्युलेटर डिग्रीवरच आहे, ते पाहून झालंय.

चिंचपोकळीकर

पिक्सेलची काळजी करू नका. फोटो लांबून काढा, जवळून काढा, झूम करा, काठी आणि सावली दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान-मोठ्या होतात. गुणोत्तर ते गुणोत्तरच. माझ्या मते दांडा वाकडा उभा असणार.

पंचांगी

ताई, हे शंकूचं, म्हणजे छाया मोजायच्या उभ्या काठीचं काम आहे. बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि मध्यान्हीची छाया मोजायची. पुण्याची पलभा चार अंगुळं, जुन्या पंचांगांत गावोगावची पलभा छापलेली असायची. म्हणजे १०० सेंमीच्या काठीला सावली ३३ सेंमी. तुमचं उत्तर उलट कमीच आलंय, खरा कोन ७१ च्या पुढे हवा.

गच्चीवाली

आता तीन उत्तरं झाली. ५७, ६६ आणि ७१. लेक म्हणते, सरासरी काढू का :)

ओळंबा

सरासरी नको. हयात मोजणीखात्यात गेली, निवृत्तीनंतर कोणी सावली मोजतंय हे बघून बरं वाटलं.

आधी पंचांगीसाहेबांचं. पलभा चार अंगुळं हे बरोबर आहे, पण ती विषुवदिनाची मध्यान्हछाया. २१ मार्चच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो तेव्हा बारा अंगुळांच्या शंकूला पुण्यात चार अंगुळं सावली पडते, कारण १२ × tan १८.५ = ४. आज सूर्य अजून चौदा अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे सावली जवळपास दुप्पट लांब. तुमचं पुस्तकी ५७.५ बरोबर आहे.

आता चिंचपोकळीकर. झूमचं म्हणणं मान्य, झूमने गुणोत्तर बदलत नाही. बदलतं ते कॅमेऱ्याच्या दिशेने. ताई, फोटो काढताना तुम्ही कुठे उभ्या होतात, आणि सावली फोटोत कुठे जाताना दिसते?

गच्चीवाली

गच्चीच्या दारात. सावली माझ्यापासून तिरकी, उजवीकडे पलीकडे जाताना दिसते.

ओळंबा

मग नऊ अंश तिथेच गेले.

दांडा उभा आहे, तो तुम्हाला जवळजवळ पूर्ण लांबीचा दिसतो. सावली मात्र जमिनीवर आडवी पडलेली, तीही तुमच्यापासून दूर जाणारी. दूर जाणारी लांबी फोटोत आखडते. साडेबाराला तुमची खरी सावली साधारण ६४.६ सेंमी असणार. नजर सावलीच्या रेषेशी काटकोनात नसून ४५ अंशांनी तिरकी असेल, तर ती ४६ सेंमीसारखी दिसेल आणि कोन ६५ च्या पुढे येईल. तुमचं ६६ तसंच आलंय. फोटोतून आलेलं उत्तर अपेक्षेपेक्षा मोठं असेल तर पहिला संशय यावरच घ्यायचा, कारण आखडल्यामुळे सावली कधी लांब होत नाही, आखूडच होते आणि कोन फुगतो.

नुसत्या गुणोत्तरावर काम भागवायचं तर एकच पद्धत चालते. मध्यान्ही सावली बरोबर उत्तरेला पडते, तेव्हा काठीच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला बसायचं, फोन काठीच्या निम्म्या उंचीवर धरायचा आणि वर-खाली अजिबात कलवायचा नाही. काठी आणि सावली ज्या उभ्या पातळीत आहेत, ती पातळी फोनच्या पाठीला समांतर झाली की गुणोत्तर खरं येतं. त्यातही वीस अंशांचा तिरकेपणा राहिला तर दीड अंशाची चूक होते, आणि वीस अंश डोळ्याला कळतसुद्धा नाहीत.

पण तुमचा आजचा फोटो वाया गेलेला नाही. गच्चीवर टाइल्स आहेत का?

तिसरा_मजला

मध्येच विचारते, माफ करा. आम्ही ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. दक्षिणेला १२ मीटरवर सात मजली इमारत येतेय, २१ मीटर म्हणतात. या काठीच्या युक्तीने थंडीत आमचं ऊन जाणार का ते आत्ताच कळेल का?

गच्चीवाली

@ओळंबा, आहेत! ३० सेंमीच्या चौकोनी टाइल्स. दांडा एका सांध्याच्या कोपऱ्यावरच उभा केला होता. फोटोत सावलीचं टोक एका बाजूला दोन टाइल्सला जेमतेम दोन सेंमी कमी आणि काटकोनात दुसऱ्या बाजूला एका टाइलला दोन सेंमी कमी दिसतंय. म्हणजे ५८ आणि २८. पायथागोरस लावला: ६४.४ सेंमी. मग

```
=DEGREES(ATAN(100/64.4))
```

५७.२!!! त्याच फोटोतून. लेक सध्या घरभर नाचतेय.

ओळंबा

छान. टाइल्स जमिनीच्याच पातळीत असल्यामुळे सावलीसोबत त्याही आखडतात. म्हणून सावली टाइल्सनी मोजायची आणि दांड्याची उंची टेपने. दांड्याचे पिक्सेल मोजायचेच नाहीत.

आता उरलेले ०.३ अंश. तुमचा फोटो मध्यान्हीचा नाहीच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पुणे ७३.८५ वर. फरक ८.६५ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे पुण्याची मध्यान्ह सरासरी १२:३४ च्या पुढे. शिवाय सूर्य घड्याळासारखा नेमाने चालत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो वर्षातला सर्वांत मागे असतो, साधारण १४ मिनिटं. दोन्ही मिळून आजची मध्यान्ह १२:४९. साडेबाराला उंची ५७.१ हवी होती आणि तुम्हाला ५७.२ मिळाली. बरोब्बर बाराला फोटो काढला असतात तर सूर्य ५५.३ वरच सापडला असता.

पंचांगी

हे मिनिटांचं गणित नको असेल तर सोपा उपाय आहे. पुण्याचा आजचा सूर्योदय ७:०४, सूर्यास्त ६:३३. दोन्हींचा मध्य काढा, साडेबारा आणि वर अठरा-एकोणीस मिनिटं. तीच मध्यान्ह. पलभेचं मान्य, पण पद्धत आमचीच जुनी हो!

ओळंबा

मध्य काढण्याला पूर्ण अनुमोदन. फक्त वेळा आपल्या गावच्या घ्याव्यात. मुंबईच्या वेळा घेऊन नागपुरात फोटो काढला तर चोवीस-पंचवीस मिनिटांची गफलत होईल.

आणि ज्यांना कसलंच गणित नको त्यांनी सव्वाबारापासून सव्वापर्यंत पाच-पाच मिनिटांनी टोकावर खडूची खूण करावी. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. यात वेळ नीट कळत नाही, कारण मध्यान्हीच्या आगेमागे सावलीची लांबी जवळजवळ हलतच नाही. पण आपल्याला कोन हवाय, वेळ नकोय, त्यामुळे तेच फायद्याचं ठरतं.

मेलबर्नचा_बंड्या

इथे आत्ता सूर्य उत्तरेकडून जातो आणि सावली दक्षिणेला पडते, पोरांना भारतातली पुस्तकं दाखवली की गोंधळ उडतो. अक्षांश ३७.८ दक्षिण, सूर्यही दक्षिणेलाच १४ वर, म्हणून वजा करायचे: ९० − (३७.८ − १४) = ६६.२. ताई, तुमचं ६६.२ इथे अगदी बरोबर आलं असतं :D

घड्याळ एक तास पुढे केलेलं असल्यामुळे आमची मध्यान्ह दुपारी १:३४ ला. बाराला काठी घेऊन गेलो तर सूर्य पार उजवीकडे.

सदाशिव_पेठी

झाडूचा दांडा, फोन, टाइल्स, पायथागोरस आणि मेलबर्न. जिना उतरून टेप आणली असती तर हा धागाच झाला नसता.

गच्चीवाली (१२ फेब्रुवारी, दुपारी २:०५)

सदाशिवराव, आज टेप आणली होती, पण शाळेत "फोटोवरूनच" असं सांगितलंय. त्यामुळे टेप फक्त दांड्याला लावली.

आज १२:४९ ला पुन्हा फोटो काढला. या वेळी दक्षिणेला दोन मीटरवर उभी राहिले. जवळ गेले तर माझीच सावली मीटरभर पुढे जाऊन सगळं झाकत होती. दांडा दोऱ्याला नट बांधून ओळंब्यात घेतला. चार बाय चार टाइल्सचा, म्हणजे १२० सेंमीचा चौकोन पूर्ण दिसतोय. अपेक्षित कोन आज ९० − १८.५ − १३.७ = ५७.८. पण आता सावली सरळ माझ्यापासून दूर जाते, टाइलच्या मध्येच टोक आहे आणि पलीकडच्या टाइल्स चपट्या दिसतात. डोळ्याने भाग कसे पाडायचे?

चौकोनाचे कोपरे (वरचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा, खालचा डावा): (950, 1026), (1780, 1011), (2219, 2000), (559, 2030). दांड्याचा पाया (1387, 1915), सावलीचं टोक (1371, 1284).

पिक्सेलपांडू

डोळ्याने पाडूच नका. चार कोपरे माहीत असले की अख्खी जमीन वरून पाहिल्यासारखी सरळ करता येते. पायथनमध्ये:

```python
import cv2, math
import numpy as np

src = np.float32([[950,1026],[1780,1011],[2219,2000],[559,2030]])
dst = np.float32([[0,0],[120,0],[120,120],[0,120]])
H = cv2.getPerspectiveTransform(src, dst)

p = np.float32([[[1387,1915]],[[1371,1284]]])
a, b = cv2.perspectiveTransform(p, H).reshape(-1, 2)
L = float(np.linalg.norm(a - b))
print(round(L, 1), round(math.degrees(math.atan2(100, L)), 1))
```

सावली ६३ सेंमीच्या जराशी वर, कोन ५७.७.

कोपरे ज्या क्रमाने `src` मध्ये, त्याच क्रमाने `dst` मध्ये हवेत. क्रम चुकला तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, गुपचूप भलताच आकडा देतो. आणि फोटो फोनच्या साध्या लेन्सने काढा, ०.५ वाल्या रुंद लेन्सने नको. त्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि हे गणित सरळ रेषा सरळ आहेत असं धरूनच चालतं. टाइल्सच्या सांध्यावर पट्टी धरून बघा, रेषा वाकलेली दिसली तर तो फोटो बाद.

एक शंका आहे. तुमच्या फोटोत टोकाजवळ एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर दीड मिलिमीटर. पिक्सेल पुरेसे आहेत. पण टोक नेमकं कुठे धरलंत?

गच्चीवाली

तेच तर. टोक आहे कुठे? जमिनीजवळ सावली चाकूने कापल्यासारखी, आणि टोकाला नुसतीच पुसट होत जाते. अंदाजे मध्य धरला.

ओळंबा

मध्य धरला हे उत्तम केलंत. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. थाळीच्या वरच्या कडेची सावली थोडी आखूड, खालच्या कडेची थोडी लांब. तुमच्या दांड्याच्या वरच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर ११८ सेंमीच्या आसपास आहे, म्हणून तो पुसट पट्टा जमिनीवर सव्वा सेंमीहून थोडा जास्त येतो. पूर्ण काळोखी जिथे संपते तिथे मोजलंत तर सूर्याच्या वरच्या कडेचा कोन मिळतो, पाव अंशाने जास्त. आपल्याला मध्य हवा, म्हणून पट्ट्याचाही मध्य.

याहून मोठी गोष्ट पायाशी आहे. दांडा केवढ्या जाडीचा? सावलीचं टोक दांड्याच्या वरच्या उत्तर कडेचं पडतं, म्हणून खालीही उत्तरेच्या कडेपासून मोजायचं. अडीच सेंमी जाडीच्या दांड्यात मध्यापासून मोजलं तर सावली सव्वा सेंमी जास्त भरते आणि कोन अर्ध्या अंशाने पडतो. आमच्या खात्यात नवीन पोरं हमखास इथेच अडकायची.

गच्चीवाली

उत्तरेची कडच धरली होती, पण ती पलीकडे असल्यामुळे फोटोत दिसत नाही. दांडा काढून जागेवर खडूने गोल केला आणि तसा दुसरा फोटो घेतला, फोन स्टुलावर असल्यामुळे हलला नव्हता. दांडा वरून करवतीने सपाट कापलेला आहे.

पिक्सेलपांडू

मध्य धरायचा हे कागदावर ठीक आहे काका, पण फोन ते पुसटपण जसंच्या तसं ठेवत नाही. हल्लीचे फोन सावली उजळवतात, कडा टोकदार करतात. एकाच क्षणी एचडीआर चालू ठेवून आणि बंद करून फोटो काढला तर "मध्य" वेगवेगळ्या जागी दिसतो. त्यामुळे ०.१ अंशाने जुळलं यावर मी फार भरवसा ठेवणार नाही.

ओळंबा

फोनचं मला कळत नाही, तुमचा मुद्दा असेलही बरोबर. ०.१ जुळण्यात नशिबाचा भाग आहेच. दांडा उत्तरेकडे एक अंश कललेला असता तर एवढ्यानेच ०.७ अंशाची चूक झाली असती. गच्चीला पाण्यासाठी ढाळ दिलेला असतो. शंभराला एक असा ढाळ उत्तरेकडे असेल तर आणखी ०.१६. टाइलवर पाणसळ ठेवून बघा, बुडबुडा कुठे जातो ते.

पण पुसट टोकावर जुना उपाय आहे. दांड्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा तुकडा लावा, त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा, पुठ्ठा सूर्याकडे तोंड करून थोडा कलवा. जमिनीवर पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याचा उजळ लंबगोल ठिपका पडतो. ठिपक्याचा मध्य सापडायला सोपा, आणि उंची भोकाच्या मध्यापर्यंत मोजायची. भोक दांड्याच्या अगदी वर येणार नाही, तेव्हा पाय कुठला ते काठीच्या कडेवरून ठरवू नका, भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. चीनमध्ये ग्वो शोउजिंग याने तेराव्या शतकात चाळीस चीनी फुटांच्या शंकूची सावली भोक पाडलेल्या पट्टीनेच मोजली होती. शंकू जेवढा उंच तेवढं टोक पुसट, त्यामुळे त्याला ही युक्ती लागलीच.

पिक्सेलपांडू

उजळ ठिपका फोनमध्ये पांढराफटक होऊन पसरतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण तो चहूबाजूंनी सारखाच पसरेल, मध्य हलू नये. बघायला आवडेल.

चिंचपोकळीकर

दांडा वाकडा नव्हता तर. बरं. पण मी म्हणतो, टाइल्स नसतील तर काय करायचं? आमच्या गच्चीला पत्रे आहेत, खाली अंगणात माती.

पिक्सेलपांडू

काठीशेजारी मातीवर वर्तमानपत्राचं पान किंवा ड्रॉइंग शीट सपाट अंथरा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, लांबी-रुंदी मोजून `dst` मध्ये टाका. शीट जेवढी मोठी तेवढं बरं. छोट्या चौकोनाच्या बाहेर लांबवर सावलीचं टोक गेलं की कोपऱ्यातली एका पिक्सेलची चूक तिथे फुगत जाते. आणि माती सपाट नसली तर शीट सपाट, जमीन खडबडीत, मग हिशोब कोणाचा चाललाय तेच कळत नाही.

तिसरा_मजला

माझा प्रश्न वाहून गेला वाटतं.

ओळंबा

नाही नाही. तुमच्यासाठी काठीची गरजच नाही, कोन आधीच ठाऊक आहे. ठाण्याचा अक्षांश १९.२, डिसेंबरच्या २१-२२ ला सूर्य २३.४ दक्षिणेला, म्हणून मध्यान्हीची सर्वांत कमी उंची ४७.४. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारं ऊन १२ मीटरमध्ये १२ × tan ४७.४, म्हणजे १३ मीटर खाली उतरतं. २१ मधून १३ गेले, राहिले ८. तुमच्या भिंतीवर आठ मीटरच्या खाली त्या दिवशी मध्यान्ही सावली, वर ऊन. तुमच्या खिडकीचा तळ जमिनीपासून किती वर आहे ते बघा. खाली पार्किंग असेल तर सुटलात.

हे फक्त मध्यान्हीचं आणि इमारत नेमकी दक्षिणेला असेल तर. सकाळी दहाला सूर्य आग्नेयेकडे आणि बराच खाली असतो, तेव्हा तीच सावली दुसरीकडून आणि जास्त उंच चढते. त्यासाठी इमारतीची रुंदी लागेल.

तिसरा_मजला

पार्किंग आहे, खिडकी दहा मीटरवर असेल. रुंदी बिल्डरच्या नकाशावर पाहून सांगते. आणि त्यांनी गच्चीवर पाण्याची टाकी धरलीय की नाही, तेही विचारते.

गच्चीवाली

पुठ्ठ्याला भोक पाडून झालंय. पाणसळ शेजारच्या काकांकडे मिळाली, बुडबुडा उत्तरेकडे सरकतो, म्हणजे ढाळ दक्षिणेकडे. मग माझी सावली आखूड यायला हवी होती ना? आली तर किंचित लांबच. @ओळंबा?

ओळंबा

हो, आखूडच यायला हवी. मग दांडा किंचित उत्तरेला कललेला असेल किंवा टोक पांडू म्हणतात तसं फोनने सरकवलं असेल. एका फोटोवरून यातलं कुठलं ते सांगता येणार नाही. दांडा जागेवरच अर्धा फेरा फिरवून लगेच दुसरा फोटो घ्या. वाक दांड्यातच असेल तर टोक दुसऱ्या बाजूला सरकेल, नसेल तर दुसरं काहीतरी आहे.